अष्टविनायक बस यात्रेची जाहिरात कशी लिहावी: सुटण्याचं शहर, दिवस-रात्र आणि ‘धरून’ काय काय

‘अष्टविनायक स्पेशल! स्वस्तात मस्त! आजच सीट बुक करा!’ असा मथळा टाकला की फोन येतात, नाही असं नाही. पण ते बुकिंगचे फोन नसतात, चौकशीचे असतात. कुठून सुटणार, कधी परत येणार, जेवण धरून का, झोपायला खोली की हॉल, आईचे गुडघे दुखतात तर चालेल का. तीच पाच उत्तरं दिवसभर द्यायची आणि एवढं करून निम्मे लोक ‘घरी विचारून सांगतो’ म्हणणार. यातले बहुतेक प्रश्न मथळ्याच्या एका ओळीत आणि खालच्या वर्णनात आधीच मिटवता येतात. कसे, ते पुण्याहून निघणाऱ्या दोन दिवसांच्या अष्टविनायक यात्रेवर दाखवतो. शिर्डी-शनिशिंगणापूर असो की पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट, पद्धत हीच.

आधी वेळापत्रक, मग जाहिरात

मथळा सुचण्याआधी कागदावर दोन दिवस मांडून बघा. अष्टविनायकातली पाच देवळं पुणे जिल्ह्यात आहेत: मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री. पाली आणि महड रायगडमध्ये, सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात. पूर्वेला भीमेकाठ आणि पश्चिमेला घाट उतरून कोकण, असा हा पसारा. पुण्याहून निघून पुण्याला परत येईपर्यंत सगळं मिळून सहाशे किलोमीटर तरी होतात.

सोयीचा क्रम असा बसतो. पहिल्या दिवशी थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव आणि रात्री ओझरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री, मग नारायणगाव-चाकण-तळेगाव करत घाट उतरून महड, तिथून पाली आणि परत. आता वेळा घाला. स्वारगेटहून सकाळी सहाला निघालात तर सव्वासातला थेऊर. दर्शन, नाश्ता उरकून साडेआठला बस हलली की दहाच्या सुमारास मोरगाव. मोरगाव ते सिद्धटेक दोन तास धरा, म्हणजे दर्शन आणि जेवण मिळून अडीच वाजतात. रांजणगावला पाच, ओझरला आठ. देऊळ बंद होण्याआधी दर्शन, मग जेवण आणि झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लेण्याद्रीच्या पायथ्याशी. चढउतार आणि दर्शनाला दोन तास. वाटेत नाश्ता, मग लांबचा पल्ला. दीड-दोनला महड, तिथे जेवण, चारला पाली, पाचला परतीचा रस्ता.

हे मांडलं की जाहिरातीत काय लिहिता येईल आणि काय नाही, ते आपोआप दिसतं. ‘निवांत दर्शन’ हे शब्द यात बसत नाहीत, प्रत्येक देवळात पाऊण ते एक तास आहे. सिद्धटेकला डोंगराला प्रदक्षिणा घालायची कुणाची इच्छा असेल, तर तीही बसत नाही. चाकणला अर्धा तास अडकलात की पालीचं दर्शन साडेचारला सरकतं, हेही कळतं. वेळापत्रकात कुठेच फट नसेल तर जाहिरातीत ‘एक दिवसात अष्टविनायक’ असलं काही लिहायचा मोह आवरा. छोट्या गाडीतून पहाटे तीनला निघून काही जण तसं करतातही, पण चाळीस माणसांच्या बसला ते जमत नाही. चाळीस माणसं स्वच्छतागृहाला जाऊन परत सीटवर बसेपर्यंतच पंचवीस मिनिटं जातात.

चालकाचाही विचार इथेच करा. पहिला दिवस पहाटेपासून रात्री आठपर्यंतचा आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात चालकाच्या कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला आठ तास होती. दोन चालक ठेवत असाल तर ते जाहिरातीत जरूर लिहा. वयस्कर आईवडिलांना पाठवणारी मुलं हे वाक्य शोधत असतात.

दिवस आणि रात्र मोजताना

‘२ दिवस १ रात्र’ हे सरळ वाटतं. पुण्याहून ते सरळ आहेही: शनिवारी सकाळी निघालो, शनिवारची रात्र ओझरला, रविवारी रात्री घरी. घोळ होतो तो रात्री सुटणाऱ्या बसमध्ये. हीच यात्रा बोरिवलीहून शुक्रवारी रात्री अकराला निघाली आणि रविवारी रात्री परत आली, तर ती किती दिवसांची? काही जण ‘३ दिवस २ रात्री’ लिहितात, कारण कॅलेंडरवर तीन तारखा येतात आणि दोन रात्री घराबाहेर जातात. वाचणाऱ्याला मात्र दोन रात्री म्हणजे दोन मुक्काम वाटतात, दोनदा खोली, दोनदा गादी. पहिली रात्र बसच्या सीटवर काढायची आहे हे त्याला बसमध्ये चढल्यावर कळतं, आणि तिथून पुढे त्याला कुठलाच गणपती पावत नाही.

म्हणून नियम एकच ठेवा. मथळ्यातली रात्र म्हणजे आडवं होऊन झोपायला मिळणारी रात्र. बसमधली रात्र मोजायची नाही, वेगळी सांगायची. बोरिवलीच्या बसचा मथळा असा होईल: ‘शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परत, १ मुक्काम’. आकडा लहान दिसतो, पण शनिवार-रविवार सुटी असलेल्या नोकरदाराला हाच मथळा जास्त कामाचा आहे. रजा टाकावी लागणार नाही, हे त्याला त्या एका ओळीत कळतं.

मुक्काम कशात, हे वर्णनात स्पष्ट हवं. ओझर किंवा लेण्याद्री परिसरात भक्तनिवासातली खोली मिळते, जवळपास लॉज आहेत, आणि मोठा गट असला तर हॉलमध्ये गाद्या टाकूनही सोय होते. तिन्ही सोयी चालतील अशा आहेत आणि तिन्हींना गिऱ्हाईक आहे. फक्त ‘राहण्याची उत्तम व्यवस्था’ या तीन शब्दांखाली तिन्ही लपवू नका. खोलीत किती जण, संडास-बाथरूम खोलीत की बाहेर, गरम पाणी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, एवढं लिहा. एकट्या येणाऱ्या बाईंना दुसऱ्या महिला प्रवाशांबरोबर खोली देणार असाल तर तेही लिहा. एकट्यानं यात्रेला येणाऱ्या मावश्या आणि आज्या आता बऱ्याच असतात, आणि हा प्रश्न फोनवर विचारायला त्यांना संकोच वाटतो.

‘पुण्याहून’ म्हणजे नेमकं कुठून

मथळ्यात शहराचं नाव हवंच. ते नसलं तर नागपूरचा माणूस फोन करतो आणि तुमचा आणि त्याचा दोघांचा वेळ जातो. पण एकाच मथळ्यात ‘पुणे/मुंबई/नाशिक/ठाणे’ अशी रांग लावू नका. प्रत्येक शहरातून क्रम वेगळा, सुटण्याची वेळ वेगळी, दरही वेगळा. मुंबईची बस आधी महड-पाली करेल, नाशिकची आधी ओझर-लेण्याद्री गाठेल. प्रत्येक शहराची जाहिरात वेगळी करा, भले मजकूर सत्तर टक्के तोच असो.

शहराच्या आत चढायच्या जागा वर्णनात येतात. आपल्या उदाहरणात बस निगडीहून पाचला, शिवाजीनगरहून पाच चाळीसला, स्वारगेटहून सहाला आणि हडपसरहून सहा पंचवीसला, अशी थेऊरच्या वाटेवर माणसं उचलत जाते. चौकाचं नाव, समोरची ओळखीची खूण आणि वेळ, हे प्रत्येक जागेपुढे द्या. ‘स्वारगेट’ एवढंच लिहिलं तर एसटी स्टँडच्या आत एक जण, मेट्रोच्या जिन्यापाशी दुसरा आणि सातारा रस्त्यावर तिसरा उभा राहतो, आणि तिघंही फोनवर म्हणतात, ‘मी स्वारगेटलाच आहे, तुमची बस कुठे आहे?’

परतीचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जाताना बस निगडीहून हडपसरला जाते. येताना ती पालीहून घाट चढून एक्स्प्रेसवेनं येते, म्हणजे पहिल्यांदा निगडी लागते आणि शेवटी हडपसर. निगडीचा माणूस साडेआठला घरी असेल तेव्हा हडपसरचा अजून दीड तास बसमध्ये आहे. त्यामुळे ‘परत: रात्री ८.३०’ ही वेळ निगडीसाठी खरी आणि हडपसरसाठी खोटी. परतीच्या वेळाही जागेनुसार द्या आणि ‘सुमारे’ लिहा. ज्याला रात्री पुढे साताऱ्याची किंवा सोलापूरची गाडी पकडायची आहे, त्याला स्पष्ट सांगा की साडेदहाच्या आतलं तिकीट काढू नका.

गावांच्या नावांतही एक सापळा आहे. वरदविनायकाचं महड हे खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ. महाड हे मुंबई-गोवा महामार्गावरचं तालुक्याचं शहर, चवदार तळ्याचं. दोन्ही रायगड जिल्ह्यातच. इंग्रजी लिपीत दोन्हींचं स्पेलिंग Mahad असंच होतं, त्यामुळे नकाशावर बघणारा प्रवासी ‘पाली ते महाड’ एवढं अंतर बघून तुमच्या वेळापत्रकावर शंका घेतो. ‘महड (खालापूर)’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. नकाशाची लिंक देत असाल तर ती उघडून कुठे जाते, हे स्वतः बघा.

‘सर्व धरून’ हे शब्द काढून टाका

धरून काय आहे, ते मोजून लिहा. आपल्या वेळापत्रकात पहिल्या दिवशी नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता, दुपारचं जेवण असं होतं. म्हणजे २ नाश्ते आणि ३ जेवणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाली सोडल्यावर घाटात चहाला थांबाल, पण रात्रीचं जेवण त्यात नाही. लोक घरी नऊ-साडेदहाला पोचणार असताना ‘दोन दिवस जेवणासहित’ लिहिलं, तर रात्री आठला बसमध्ये कुणीतरी विचारणारच, ‘जेवायला कुठे थांबणार?’ त्यापेक्षा वर्णनात आधीच लिहा: ‘दुसऱ्या दिवशीचं रात्रीचं जेवण धरलेलं नाही.’ हे एक नकारार्थी वाक्य लिहायला मालक कचरतात. वाटतं, गिऱ्हाईक पळेल. ते पळत नाही. सोबत दशम्या किंवा चिवडा बांधून आणतं.

जेवणात काय, हेही थोडं लिहा. साधी थाळी, पोटभर की मोजकी. कांदा-लसणाशिवाय मिळेल का. संकष्टीला बस असेल तर हा मुद्दा सगळ्यात मोठा होतो, कारण अर्धी बस उपासाची असते. दुपारी साबुदाणा खिचडी किंवा वरीचे तांदूळ लागतात आणि चंद्रोदय झाल्याशिवाय रात्रीचं जेवण होत नाही. चंद्रोदय नऊनंतर असेल तर तुमचा आठचा जेवणाचा बेत कोलमडतो. संकष्टीच्या तारखेची जाहिरात वेगळी लिहा, त्यात उपासाची सोय काय आणि जेवण किती वाजता, ते घाला. अंगारकी असेल तर माझं मत आहे की ही दोन दिवसांची यात्रा त्या तारखेला लावूच नये. रांगा तासन् तास हलत नाहीत आणि आठपैकी एखादं दर्शन बाहेरूनच घ्यायची वेळ येते. लावायचीच असेल तर ती तीन दिवसांची करा.

मग येतात धरलेल्या नसलेल्या गोष्टी. इथे लेण्याद्री सगळ्यात महत्त्वाचं. गिरिजात्मज गणपती डोंगरातल्या बौद्ध लेण्यात आहे, वर जायला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत आणि गाडी वर जात नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खाली डोली मिळते, तिचे पैसे जागेवर द्यावे लागतात. लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यानं प्रवेश तिकीटही लागतं. तिकिटाची रक्कम लहान आहे, ती सहलीच्या दरात धरून टाका. तिकीट खिडकीपाशी चाळीस माणसं सुट्टे पैसे शोधत उभी राहिली तर पंधरा मिनिटं जातात आणि ‘इथेही पैसे का?’ ही कुरकुर फुकट मिळते. डोली मात्र धरू नका, पण उल्लेख करा. आणि जो चढणार नाही त्यानं दोन तास कुठे बसायचं, हे सांगितलंत तर फारच उत्तम: पायथ्याशी बस उघडी राहील, चालक किंवा मदतनीस थांबेल. माकडांपासून पिशव्या सांभाळा, हे वाक्यही इथेच घाला.

देवळातलं जे तुमच्या हातात नाही, ते विकू नका. ‘व्हीआयपी दर्शन’, ‘गाभाऱ्यातून दर्शन’, ‘अभिषेक धरून’ हे शब्द देवस्थानाची पावती आधी हातात असेल तरच लिहावेत. नसेल तर ‘दर्शन सर्वसाधारण रांगेतून’ एवढं पुरे. अभिषेक करायचा असल्यास त्याची दक्षिणा आणि लागणारा वेळ प्रवाशाचा, बस थांबू शकेल का ते आधी विचारावं, असंही लिहून ठेवा.

एक गोष्ट जाणकार मंडळी हटकून विचारतात. परंपरेप्रमाणे अष्टविनायक यात्रा मोरगावपासून सुरू होते आणि आठ स्थानं झाल्यावर पुन्हा मोरगावला येऊन संपते. बसनं तो क्रम पाळायचा तर रस्ता कितीतरी वाढतो. तुमचा क्रम रस्त्याच्या सोयीचा आहे, हे वर्णनात सरळ सांगा. ज्याला शास्त्रोक्त क्रम हवा तो दुसरी सहल बघेल. थेऊरला बस पहिल्यांदा थांबल्यावर एखादे आजोबा जागेवरून उठून ‘हे मोरगाव नाही!’ म्हणाले की पुढचे दोन दिवस खुलासे देत बसावं लागतं.

मथळा जोडताना

आता मथळा. मोबाइलवर शोधाच्या यादीत मथळ्याची सुरुवातच दिसते, पन्नास-साठ अक्षरांनंतर तो तुटतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी यात्रेचं नाव, लगेच शहर, मग दिवस-रात्र आणि शेवटी सोयी. कंपनीचं नाव मथळ्यात घालायची गरज नाही, ते जाहिरातीच्या वर किंवा खाली दिसतंच.

> अष्टविनायक बस यात्रा पुण्याहून | २ दिवस १ रात्र | मुक्काम, २ नाश्ते, ३ जेवणं धरून

मागचा भाग तुटला तरी ‘अष्टविनायक’, ‘पुण्याहून’ आणि ‘२ दिवस’ दिसतात. ‘अविस्मरणीय’, ‘धमाका’, ‘स्पेशल’ हे शब्द जागा खातात आणि शोधताना ते कुणीच टाइप करत नाही. लोक बऱ्याचदा मराठीत बोलतात आणि इंग्रजी लिपीत शोधतात. त्यासाठी दुसरी ओळ जवळ ठेवा, आणि जाहिरातीच्या जागेत दोन मथळ्यांची सोय असेल तर दोन्ही द्या:

```
Ashtavinayak Bus Tour from Pune | 2 Days 1 Night | Stay, Meals
```

`Ashtavinayak` आणि `Ashtvinayak` अशी दोन्ही स्पेलिंगं लोक वापरतात. मथळ्यात पहिलं घ्या, दुसरं वर्णनात एकदा कुठेतरी येऊ द्या. दहा वेळा कोंबू नका, वाचणाऱ्याला त्याचा वीट येतो.

मथळ्यात दर घालावा का, यावर वाद आहे. माझं मत, घालू नये. दर तारखेनुसार आणि खोलीनुसार बदलतो आणि जुना दर कुठल्यातरी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत राहतो. घालायचाच झाला तर ‘पासून’ शब्दाशी प्रामाणिक राहा. ‘२,९९९ पासून’ लिहिलं तर त्या दरात निदान काही सीट खरोखर मिळायला हव्यात.

वर्णन: एक पूर्ण नमुना

वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन ओळींत मथळ्यातलंच वाक्यात सांगायचं, कारण ‘आणखी वाचा’वर बोट ठेवायचे कष्ट सगळे घेत नाहीत. पुढचा मजकूर वेळापत्रक, सोयी, धरलेलं नाही ते आणि अटी या क्रमानं. नमुन्यातले दर केवळ उदाहरणादाखल आहेत.

> शनिवारी सकाळी पुण्याहून निघून रविवारी रात्री परत. आठही गणपतींचं दर्शन, ओझरला एक मुक्काम, २ नाश्ते आणि ३ जेवणं दरात धरलेली.
>
> बस: २x२ पुशबॅक, एसी, दोन चालक आणि एक मदतनीस. सीट बुकिंगच्या क्रमानं, नंबर पावतीवर.
>
> चढायच्या जागा: निगडी ५.००, शिवाजीनगर ५.४०, स्वारगेट ६.००, हडपसर ६.२५ (नेमकी खूण पावतीवर). परत, सुमारे: निगडी ८.३०, शिवाजीनगर ९.१५, स्वारगेट ९.३०, हडपसर १०.००.
>
> शनिवार: थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर (मुक्काम). रविवार: लेण्याद्री, महड (खालापूर), पाली. क्रम रस्त्याच्या सोयीनं आहे, गर्दीप्रमाणे बदलू शकतो.
>
> मुक्काम: भक्तनिवास किंवा लॉज, एका खोलीत चार जण, संडास-बाथरूम खोलीत. एकट्या महिलांना महिला प्रवाशांबरोबर खोली.
>
> धरलेलं: बस, मुक्काम, २ नाश्ते, ३ जेवणं (शाकाहारी थाळी), चार वेळा चहा, लेण्याद्रीचं प्रवेश तिकीट, टोल, पार्किंग, जीएसटी.
>
> धरलेलं नाही: रविवारचं रात्रीचं जेवण, लेण्याद्रीची डोली, अभिषेक-पूजा, पाण्याच्या बाटल्या, वैयक्तिक खर्च.
>
> लक्षात घ्या: लेण्याद्रीला सुमारे ३०० पायऱ्या आहेत. दर्शन सर्वसाधारण रांगेतून.
>
> दर: चार जणांत खोली ३,४०० रुपये, दोन जणांत खोली ४,१०० रुपये प्रत्येकी. ५ वर्षांखालील मूल मांडीवर, मोफत. सीट हवी असल्यास २,४०० रुपये.
>
> रद्द केल्यास: ७ दिवस आधी ९० टक्के, ३ दिवस आधी ५० टक्के परत, त्यानंतर परतावा नाही. २० पेक्षा कमी प्रवासी झाल्यास बसऐवजी १७ सीटची गाडी किंवा पुढची तारीख किंवा पूर्ण पैसे परत. तीन दिवस आधी कळवू.

शेवटची अट नीट वाचा, कारण भांडणं इथे होतात. प्रवासी कमी झाले की मोठ्या बसऐवजी टेम्पो ट्रॅव्हलर येते, आणि ज्यानं एसी पुशबॅकचे पैसे भरले तो चिडतो. अट आधी लिहिली आणि निवड प्रवाशाच्या हातात ठेवली, तर चिडणारे कमी होतात. ‘२० पेक्षा कमी’ आणि ‘१७ सीट’ यांतली गंमतही लक्षात ठेवा: अठरा किंवा एकोणीस प्रवासी झाले तर काय करणार, हे आधी ठरवून ठेवा. बहुतेक जण तेव्हा तोटा सोसून मोठी बस काढतात.

पैशांबद्दल दोन गोष्टी

जाहिरातीत ३,४०० आणि पैसे भरताना त्यावर जीएसटी, सेवा शुल्क, ‘खिडकी सीट’चे जादा दोनशे, असं करत ३,९०० झाले, तर याला नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक तत्त्वांत, टप्प्याटप्प्यानं किंमत उघड करणं हा तेरा गैरप्रकारांपैकी एक आहे. ‘फक्त २ सीट शिल्लक!’ असं खोटंच लिहून घाई करायला लावणं हा त्याच यादीतला दुसरा. अर्धी बस रिकामी असताना हे वाक्य महिनाभर जाहिरातीत लटकलेलं मी कितीतरी ठिकाणी बघतो. सीट खरंच दोन उरल्या असतील तर जरूर लिहा, पण त्या गेल्या की वाक्यही काढा.

दुसरी गोष्ट, सवलत. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास असल्यानं ‘बायकांना हाफ आहे का?’ हा प्रश्न खासगी बसवाल्यालाही येतो. ती सवलत एसटीची आहे, तुमच्या बसला लागू नाही. वर्णनात एक ओळ लिहून टाका. ज्येष्ठांना स्वतःहून शंभर-दोनशे रुपये कमी करत असाल तर किती आणि कोणत्या वयापासून, तेही तिथेच.

टाकण्याआधी आणि टाकल्यावर

लिहून झालं की जाहिरात अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तुमची सहल माहीत नाही. घरातली वहिनी, शेजारचे काका, कुणीही. मग विचारा: बस कुठून चढशील, रविवारी रात्री किती वाजता घरी येशील, एकूण किती पैसे लागतील आणि काय विकत घ्यावं लागेल. चारांपैकी एकाही उत्तराला ते अडखळले किंवा ‘बहुतेक’ म्हणाले, तर तो भाग पुन्हा लिहा. त्यांना समजावून सांगत बसू नका. फोनवर समजावणं टाळण्यासाठीच तर हे सगळं चाललंय.

तारखा ‘दर शनिवारी’ अशा मोघम ठेवू नका, पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा लिहा. होऊन गेलेली तारीख जाहिरातीत दिसली की वाचणाऱ्याला वाटतं, धंदा बंद पडला. पावसाळ्यात पाली-महडकडे पाऊस जबरदस्त असतो, तेव्हा परतीच्या वेळा तासभर पुढे ढकलून लिहा. भाद्रपद आणि माघातल्या गणेशोत्सवाच्या दिवसांत मुक्कामाचे दर चढतात, त्या तारखांचा दर वेगळा दाखवा.

आणि फोन वाजला की शेजारी एक वही ठेवा. जाहिरात वाचूनही माणूस जो प्रश्न विचारतो, तो त्यात टिपा. एकच प्रश्न तीनदा आला की त्याचं उत्तर वर्णनात कुठे घालायचं, ते त्याच संध्याकाळी बघा.